दीड इंची पाईप दीड इंचाचा नसतो: कोटेशन देण्याआधी पाईपचं वजन असं काढा

फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकायचंय किंवा पाईपचं दुकान काढायचंय, अशा सगळ्यांसाठी आजचा विषय. ग्राहक तुम्हाला माप सांगतो फुटात आणि इंचात. तुम्ही माल घेता किलोत. या दोन्हींच्या मध्ये जो हिशेब आहे, तो चुकला की नफा तिथेच जातो.

आधी सूत्र समजून घेऊ. पाठ करू नका, डोळ्यांसमोर आणा. पाईप उभा चिरला आणि उलगडून सपाट केला, तर काय मिळेल? एक पट्टी. पट्टीची जाडी म्हणजे पाईपच्या भिंतीची जाडी. पट्टीची रुंदी म्हणजे पाईपचा घेर. पण बाहेरून घेर मोजला तर तो जास्त येतो, आतून मोजला तर कमी. म्हणून भिंतीच्या मधोमधचा घेर धरायचा. तिथला व्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा एक जाडी. त्याला ३.१४१६ ने गुणलं की पट्टीची रुंदी मिळाली.

आता रुंदी, जाडी, लांबी आणि धातूची घनता यांचा गुणाकार केला की वजन आलं. साध्या लोखंडाची, म्हणजे एमएसची, घनता ७.८५ धरतात. ३.१४१६ गुणिले ७.८५ म्हणजे २४.६६. मिलिमीटर, मीटर आणि किलो यांचा मेळ घालायला हजारने भागलं की ०.०२४६६. झालं सूत्र:

वजन (किलो) = (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६ × लांबी

व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये. धातू बदलला तर फक्त ०.०२४६६ बदलतो. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणून तिथे ०.००८४८ येईल. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घनता ७.९३ धरली तर ०.०२४९१.

आता एक काम घेऊ. समजा, सोसायटीत दुचाकींसाठी शेड करायची आहे. त्यासाठी दीड इंची मीडियम एमएस पाईपचे सहा मीटरचे १२ नग लागणार. एकूण ७२ मीटर.

नवीन माणूस काय करतो? एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी. जाडी ३.२ मिमी. हिशेब असा होतो: ३४.९ × ३.२ × ०.०२४६६ म्हणजे मीटरला २.७५ किलो. ७२ मीटरचे साधारण १९८ किलो.

गणित बरोबर आहे, व्यास चुकीचा आहे. आयएस १२३९ या भारतीय मानकाच्या पाईपमध्ये "दीड इंची" हे नुसतं नाव आहे. कागदावर त्यालाच ४० एनबी लिहितात. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. तसंच एक इंची पाईपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. आता परत करा: ४५.१ × ३.२ × ०.०२४६६ म्हणजे मीटरला ३.५६ किलो. ७२ मीटरचे साधारण २५६ किलो.

फरक ५८ किलोचा. हिशेबापुरता भाव किलोला ७० रुपये धरला, तर ४,०६० रुपये. एका छोट्या कामात! तुम्ही कोटेशन १९८ किलोचं दिलंय आणि दुकानदार बिल २५६ किलोचं करतोय. दुकानदार फसवत नाहीये, बरं का.

पण इथे एक गंमत आहे. रेलिंगसाठी जो स्टेनलेसचा दीड इंची पाईप मिळतो, तो बहुतेक वेळा खरंच बाहेरून ३८.१ मिमी असतो. फर्निचरच्या पातळ पाईपचंही तसंच. म्हणजे नाव एकच, पाईप दोन. म्हणून नावावर जाऊ नका, मोजा. व्हर्नियर नसेल तर पाईपभोवती दोरा गुंडाळा, दोऱ्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १५२ मिमीच्या आसपास आला तर तो ४८.३ वाला. १२० मिमीच्या आसपास आला तर ३८.१ वाला.

आता जाडीकडे या. व्यास डोळ्यांना दिसतो, जाडी दिसत नाही. आपल्या दीड इंची पाईपमध्ये लाईट म्हणजे २.९ मिमी, मीडियम ३.२ आणि हेवी ४.०. बाजारात यांनाच ए, बी, सी क्लास म्हणतात. मानकाप्रमाणे ओळखायला पिवळा, निळा, लाल पट्टा असतो. ०.३ मिमीचा फरक हाताला कळत नाही, वजनाला कळतो. लाईटचं वजन मीटरला ३.२५ किलो. १२ नगांचे २३४ किलो, म्हणजे मीडियमपेक्षा २२ किलो कमी. तुम्ही किलोवर माल घेत असाल तर पैसे तेवढेच कमी जातील. पण नगावर घेत असाल, तर मीडियमचे पैसे देऊन लाईट घरी येऊ शकतो.

हे पकडायचं कसं? सूत्र उलटं चालवा. समजा, १२ नगांचं वजन २३४ किलो भरलं. भागिले ७२ म्हणजे ३.२५. भागिले ०.०२४६६ म्हणजे १३१.८. आता १३१.८ ला ४८.३ ने भागा, २.७३ आलं. ही कच्ची जाडी. ती व्यासातून वजा करा, ४५.५७ उरले. १३१.८ ला त्याने भागा, २.८९. झालं, पाईप २.९ चा आहे.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, मानकातच जाडी आणि वजनाला थोडी सूट असते. त्यामुळे एक नग हलका भरला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. पूर्ण बंडल काट्यावर घ्या. कापलेल्या टोकाची बर घासून व्हर्नियरने चार ठिकाणी जाडी मोजा, पण आतल्या वेल्डच्या शिरेवर मोजू नका. सगळेच नग एकाच बाजूला, म्हणजे कमीच भरत असतील, तर विचारायला कारण आहे.

दुसरी, जीआय पाईप. त्यावर आतून-बाहेरून जस्ताचा थर असतो. या मापात तो मीटरला साधारण १०० ग्रॅम वजन वाढवू शकतो. म्हणजे लाईट जीआय पाईप वजनात काळ्या लाईटपेक्षा जाड वाटेल. उलटं सूत्र चालवण्याआधी ते १०० ग्रॅम वजा करा.

कोटेशनमध्ये नुसतं "दीड इंची पाईप, १२ नग" लिहू नका. असं लिहा: "एमएस पाईप, बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ३.२ मिमी, ७२ मीटर, अंदाजे वजन २५६ किलो. बिल प्रत्यक्ष काट्याप्रमाणे." हीच ओळ दुकानदाराला ऑर्डर देतानाही पाठवा. मग माल उतरवताना तपासायला तुमच्याकडे आकडा असतो, आणि ग्राहकाने "पलीकडचा स्वस्तात देतोय" म्हटलं, तर तो किती जाडीचा देतोय एवढंच विचारायचं.