भरतीच्या सरावासाठी बूट घेताना

सातारा-सांगलीकडे पहाटे पळायला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींपैकी अनेकजण पोलीस भरतीची तयारी करत असतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. अंतर थोडं, पण त्यासाठीचा सराव महिनोन्‌महिने चालतो. म्हणून बूट सरावाचा विचार करूनच घ्यावा.

आधी पाय पाहू. तळवा ओला करून कोरड्या फरशीवर उभं राहा. संपूर्ण तळव्याचा ठसा उमटला तर पाय सपाट. टाच आणि चवडा यांच्यामध्ये बारीकशी पट्टीच दिसली तर कमान उंच. सपाट पायाला फार लिबलिबीत बूट डगमगता वाटू शकतो, उंच कमानीला मऊ तळ बरा वाटतो. पण हा ठसा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. अमेरिकी लष्करात नव्या भरतीच्या जवानांना कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून पायात घातल्यावर जो आरामात बसतो, तोच बूट आपला.

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घालून, दोन्ही बूट चढवून उभं राहा. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि चालताना टाच निसटू नये. दुकानाबाहेर चार पावलं पळूनही पाहा.

डांबरी रस्त्यावर पळणाऱ्याला टाचेखाली चांगला फोम हवा. साध्या कॅनव्हासच्या बुटात तो नसतो. मातीच्या मैदानावर किंवा पावसाळी चिखलात तळाला खोल खाचा हव्यात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पळणाऱ्यांची बोटं उतारावर पुढे आदळतात, नखं काळी पडतात. त्यांनी घोट्याजवळची लेस घट्ट बांधावी.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून ६ दिवस पळालं तर आठवड्याचे ३० किलोमीटर होतात. म्हणजे ६०० किलोमीटर २० आठवड्यांत, सुमारे पाच महिन्यांत भरतात. खरेदीची तारीख बुटाच्या जिभेखाली पेनाने लिहून ठेवा. वरून बूट नवा दिसला तरी आतला फोम दबलेला असू शकतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा: तो एका बाजूला कलला असेल, फोमवर आडव्या सुरकुत्या पक्क्या झाल्या असतील किंवा तळाचं रबर झिजून फोम दिसत असेल, तर बदला. भावाचा जुना किंवा बाजारातला वापरलेला बूट घेतानाही हेच तपासा.

पळण्याचं अंतर न वाढवताही गुडघा किंवा नडगी दुखू लागली, तर आधी बूट पाहा. मात्र नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर तिथे हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा नवा बूट घेऊन भागणार नाही. पळणं थांबवून सरकारी दवाखान्यात दाखवावं.