खालचं बटण गेलं कुठे?

मोबाइलवर एखादा फॉर्म उघडतो. नाव, फोन नंबर भरून होतो आणि मग ‘पुढे जा’चं बटणच सापडत नाही. पान बोटानं जरा वर ढकललं की ते खालून वर येतं. दुसऱ्या एखाद्या साइटवर लेख वाचायला लागावं, तर वाचत असलेली ओळच डोळ्यांदेखत खाली सरकते. दोन्हींचं मूळ एकच आहे: ब्राउझरचा अ‍ॅड्रेस बार. पान वर सरकवू लागलं की तो लपतो, उलट दिशेला सरकवलं की पुन्हा दिसतो. त्यामुळे पानाच्या वाट्याला येणारी उंची सतत कमी-जास्त होत राहते.

वेबपान बनवताना उंची सांगायला `vh` हे एकक वापरतात. `100vh` म्हणजे पडद्यावर पानासाठी असलेली पूर्ण उंची. पण मोबाइलवर कोणती उंची पूर्ण धरायची, बार असतानाची की नसतानाची? पूर्वी अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बार हलला की `vh`चं मापही बदलायचं आणि अख्खं पान नव्यानं मांडलं जायचं. मजकूर उड्या मारायचा. म्हणून 2017 च्या सुरुवातीला, 56व्या आवृत्तीपासून, क्रोमनं हे माप बार लपलेला असतानाच्या मोठ्या उंचीवर कायमचं बांधून टाकलं. आयफोनवरच्या सफारीत ते आधीच तसं होतं. उड्या थांबल्या, पण बटण दडायला लागलं.

आकडे घेऊन बघू. समजा, बार लपल्यावर पानाला 800 पिक्सेल उंची मिळते आणि बारची स्वतःची उंची 56 पिक्सेल आहे. पान नुकतं उघडलं तेव्हा बार दिसतोय, म्हणजे उरले 744. फॉर्मची उंची मात्र `100vh`, म्हणजे 800 धरलेली. तळाला चिकटवलेलं 48 पिक्सेलचं बटण 752 पासून 800 पर्यंत बसतं आणि पडद्याचा दिसणारा भाग 744 लाच संपतो. बटणाची कडसुद्धा दिसत नाही. त्यामुळे खाली काही आहे, अशी शंकाही वापरणाऱ्याला येत नाही.

यावर तोडगा म्हणून 2022 मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्ही ब्राउझरांत नवी एककं आली. `svh` म्हणजे बार दिसत असतानाची लहान उंची, `lvh` म्हणजे बार लपल्यावरची मोठी उंची आणि `dvh` म्हणजे त्या क्षणी जी असेल ती. आपल्या उदाहरणात `100svh` कायम 744, `100lvh` कायम 800, तर `100dvh` बारप्रमाणे या दोन्हींमध्ये बदलतं.

पडदाभर उघडणाऱ्या मेनूसाठी `dvh` अगदी योग्य. असा मेनू पानाच्या वर तरंगतो, त्याची उंची बदलली तरी खालचा मजकूर हलत नाही.

```css
.menu {
  position: fixed;
  top: 0;
  height: 100vh;
  height: 100dvh;
}
```

उंची दोनदा लिहिली आहे ती मुद्दाम. जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही, तो ती सोडून देतो आणि पहिलीवर काम भागवतो. क्रम उलटा केला तर नवा ब्राउझरही `100vh`च धरेल आणि दुरुस्ती वाया जाईल.

मात्र सगळीकडे `dvh` लावलं की जुनी उडी परत येते. लेखाच्या माथ्यावरचं मोठं चित्र `100dvh` उंचीचं असेल, तर बार लपताच ते 56 पिक्सेलनं वाढतं आणि त्याखालचा सगळा मजकूर तेवढाच खाली ढकलला जातो. त्यातच ब्राउझर हा बदल बारच्या हालचालीबरोबर हळूहळू करतीलच असं नाही. बार स्थिरावल्यावर एकदम केला, तर धक्का जास्तच जाणवतो. अशा चित्राला `100svh` द्यावं. आपल्या फॉर्मलाही `min-height: 100svh` पुरेसं आहे: मजकूर थोडा असेल तर बटण पान उघडताक्षणीच दिसतं.

टाइप करताना वर येणारा कीबोर्ड ही मात्र वेगळी अडचण आहे. ही एककं फक्त बारचा हिशेब ठेवतात. कीबोर्डनं बटण झाकलं, तर `dvh` त्याला वर आणणार नाही.

दुरुस्ती तपासायची ती खऱ्या फोनवरच. संगणकावरच्या ब्राउझरची खिडकी मोबाइलएवढी करून पाहिली, तर त्यात लपणारा बार नसतो आणि सगळं ठीकच दिसतं. फोनवर पान नव्यानं उघडावं आणि बोट न लावता तळाचं बटण दिसतंय का ते पाहावं. मग पान सावकाश वर-खाली सरकवत एका ओळीवर नजर ठेवावी. बोट थांबल्यावरही ती ओळ हलली, तर तिच्या वर कुठेतरी `dvh` चुकीच्या जागी बसलेलं असण्याची शक्यता आधी तपासावी.