बुटातल्या घामाचा जमाखर्च

नागपूरचा मे अधिक तापदायक की मुंबईचा, हा वाद आमच्या घरी दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो; पण ज्याला दिवसाचे दहा तास बंद बुटांत पाय कोंडून कचेरीत बसावे लागते, त्याच्या तळव्यांनी तो केव्हाच निकालात काढलेला असतो. नागपुरात पारा ४२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हवेतील बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२ मिलिमीटर भरतो; मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के असताना तोच २७ होतो. घामाने ओल्या झालेल्या, ३४ अंशांच्या त्वचेपाशी हा दाब ४० च्या आसपास असतो, आणि घाम उडून जाण्याचा वेग या दोहोंतील तफावतीवर अवलंबून असल्यामुळे नागपूरकराच्या वाट्याला २८ मिलिमीटरांची उतरण येते, तर मुंबईकराला १३ वर भागवावे लागते. त्यावर चामड्याचे पॉलिश केलेले आवरण चढले, म्हणजे बाष्पाला वाट अशी उरतच नाही.

मोज्याच्या वेष्टनावर ‘घाम शोषून बाहेर टाकणारा’ असे लिहिलेले असते, ते खोटे नसते. फक्त ‘बाहेर’ म्हणजे कोठे, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो. पॉलिएस्टरचा तंतू स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा पोटात घेतो आणि घाम आपल्या पृष्ठभागावरून पुढे सरकवतो. धावण्याच्या जाळीदार बुटात त्याचा हा गुण कामी येतो, परंतु बंद बुटात तोच घाम मोजा आणि बूट यांच्यामध्ये तुंबून राहतो. म्हणून दमट हवेत मोजा व सुकतळा (दुकानदार ज्याला इनसोल म्हणतात तो) यांच्याकडे वाहिनी म्हणून न पाहता कोठार म्हणून पाहावे: दिवसभर जमा, रात्री खर्च.

कोठार म्हणून सूत बरे. नेहमीच्या हवेतच ते साडेआठ टक्के ओलावा बाळगून असते आणि पाण्याने भिजल्यावर त्याच्या कित्येक पट पाणी धरते. मात्र एकदा चिंब झाले, की ते मऊ पडून त्वचेला चिकटते, आणि फोड येतात ते बहुधा या ओल्या घर्षणाने. लोकर वजनाच्या सुमारे तृतीयांशापर्यंत बाष्प तंतूच्या आत मुरवून घेते व तरीही ओली लागत नाही. मुंबईच्या उकाड्यात लोकर सुचवणे हास्यास्पद वाटेल, परंतु बारीक मेरिनो लोकर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचा पातळ मोजा हा, किंमत परवडत असेल तर, मला सर्वांत समाधानकारक वाटतो. बांबूचा म्हणून विकला जातो तो मोजा बहुधा व्हिस्कोसचा असतो. तो सुताहून अधिक ओलावा घेतो, पण ओला असताना लवकर विरतो.

परंतु खरे कोठार सुकतळ्याचे, आणि नेमकी तेथेच फसगत होते. बहुतेक तयार बुटांत ईव्हीए नावाच्या फोमचा सुकतळा असतो. त्याची छिद्रे परस्परांपासून बंद असल्यामुळे तो पायाला मऊ लागतो, पण पाण्याचा थेंबही आत घेत नाही. परीक्षा सोपी आहे. सुकतळा बाहेर काढून, वरचे कापड नव्हे तर उलटी बाजू वर करून, तिच्यावर पाण्याचा थेंब सोडावा. तो मण्यासारखा तसाच उभा राहिला तर बंद फोम समजावा, आणि काही क्षणांत मुरला तर चामडे, लगद्याचा पुठ्ठा अथवा खुल्या छिद्रांचा फोम. बुटाला चिकटवून टाकलेला सुकतळा मात्र कितीही शोषक असला तरी मी घेणार नाही, कारण तो रात्री बाहेर काढता येत नाही.

गेल्या जूनमध्ये, पाऊस उंबरठ्यावर असताना, मी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर माझ्या उजव्या बुटाचा चामडी सुकतळा तोलला. सकाळी कोरडा ३१ ग्रॅम, सायंकाळी ३८. बुटातच राहू दिला तेव्हा दुसऱ्या सकाळी ३५ भरला, म्हणजे चार ग्रॅम घाम मागील बाकी म्हणून नव्या दिवसाच्या खात्यावर चढला. दुसऱ्या रात्री काढून पंख्याखाली भिंतीशी उभा ठेवला, तेव्हा सकाळी पुन्हा ३१. ही बाकी वसूल होत नसेल, तर सुकतळ्यांचा दुसरा जोड घेऊन एकाआड एक दिवस वापरावा, आणि दुपारी मोजे बदलावेत. त्वचेवरील जंतू ओल्या उबेत घामातील ल्यूसिन फोडून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, आणि ज्या वासामुळे शेजारचा सहकारी खुर्ची सरकवतो तो प्रामुख्याने याच आम्लाचा. तळव्यावर सुईने टोचल्यासारखे खळगे दिसू लागले, अथवा थंड खोलीत स्वस्थ बसूनही पाय ठिबकू लागले, तर प्रकरण मोज्यांच्या अखत्यारीतले राहिलेले नसते. तेथे त्वचारोगतज्ज्ञच हवा.

वजने अजून चालू आहेत, फक्त वजनकाट्यावर सुकतळ्याखाली वर्तमानपत्राची घडी असलीच पाहिजे, असे स्वयंपाकघरातून फर्मान सुटले आहे.