वहीचा दर, दुकानाच्या दारात

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि तालुक्याच्या गावातला स्टेशनरीवाला वर्षभराच्या वह्यांपैकी बहुतेक वह्या पुढच्या पाच-सहा आठवड्यांतच विकतो. त्या मालाची बोलणी मार्च-एप्रिलमध्ये उरकली नाहीत, तर मे अखेरीस घाऊक व्यापारी सांगेल तो भाव द्यावा लागतो. त्यासाठी अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर खेप घालणारे दुकानदार आजही आहेत. पण तीन-चार ठिकाणचे भाव शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतील, तर ईमेल बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रेट लिस्टवर अनेकदा तारीखच नसते.

अडचण अशी की बहुतेक दुकानदारांचा ईमेल एका ओळीचा असतो: ‘कृपया वह्यांची होलसेल रेट लिस्ट पाठवा.’ अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि त्यात व्यापाऱ्याचा दोष नाही. भाव काढून घ्यायला प्रतिस्पर्धीही असंच पत्र धाडतात. उत्तर आलंच तर छापील एमआरपीची यादी येते. खरा भाव त्यात नसतो. पत्र लिहिणारा खरंच दुकानदार आहे आणि त्याला किती माल हवाय, हे पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ:

> विषय: शालेय वह्या, सुमारे ५,००० नग, जूनच्या हंगामासाठी दर व अटी
>
> नमस्कार. आमचे स्टेशनरीचे दुकान आहे. जीएसटी नोंदणीचा दाखला सोबत जोडला आहे. किंग साइज, १७२ पानी वह्या हव्या आहेत: एकरेघी, दुरेघी आणि चौकडी मिळून अंदाजे ५,०००. माल जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा.
>
> आपला निव्वळ दर, कागदाचा जीएसएम आणि दर कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील ते कळवावे. किमान ऑर्डर किती, आणि ती प्रत्येक प्रकाराची की सर्व प्रकार मिळून? भाडे व हमाली कोणाकडे? पहिली ऑर्डर आगाऊ रकमेवर द्यायची आमची तयारी आहे. त्यानंतर उधारी किती दिवसांची व किती रकमेपर्यंत मिळेल, आणि दिवस बिलाच्या तारखेपासून मोजता की माल पोचल्यापासून? रोखीची सूट असल्यास तीही लिहावी. न फुटलेले गठ्ठे हंगामानंतर परत घेता का?

हे पत्र प्रत्येकाला वेगळं पाठवावं. सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत टाकले की कोणाकोणाला विचारलंय ते प्रत्येकाला दिसतं आणि कोणीच मनापासून भाव देत नाही.

आता उत्तरं आली असं समजू. आकडे हिशेबापुरते घेतलेले आहेत. कारखानदार म्हणतो: २९ रुपये ५० पैसे नग, किमान ५,०००, पैसे आगाऊ, माल गोदामातून न्यायचा. शहरातला घाऊक व्यापारी म्हणतो: ३२ रुपये नग, किमान १,२००, माल दुकानात पोच, ३० दिवसांची उधारी, सात दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट. वरवर पाहता एका वहीमागे अडीच रुपयांचा फरक, म्हणजे ५,००० वह्यांमागे साडेबारा हजार.

कारखानदाराच्या ‘किमान ५,०००’ची फोड झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते एकट्या एकरेघीसाठी असेल, तर प्रश्नच मिटला. वर्षाला हजार-बाराशे एकरेघी खपत असतील, तर उरलेल्या वह्या तीन-चार वर्षं पोटमाळ्यावर पडतील. कडा पिवळ्या पडतील, कसर लागेल. सगळे प्रकार मिळून ५,००० असतील, तरच तो सौदा आपल्या आवाक्यातला. तसं उत्तर लेखी आलं आहे असं धरू.

गोदामातून दुकानापर्यंत भाडं आणि हमाली मिळून ४,००० रुपये लागतात. वहीमागे ८० पैसे वाढले आणि दर झाला ३० रुपये ३० पैसे. शिवाय पैसे एप्रिलमध्ये द्यायचे आणि वसुली जून-जुलैत. म्हणजे रक्कम सुमारे अडीच महिने अडकली. बँकेच्या कर्जखात्यावर वर्षाला १२ टक्के व्याज पडत असेल, तर अडीच महिन्यांचे अडीच टक्के, म्हणजे आणखी ७६ पैसे. कारखानदाराची वही दुकानाच्या दारात ३१ रुपये सहा पैशांना पडली.

घाऊक व्यापाऱ्याकडे खरी मेख त्या दोन टक्क्यांत आहे. बरेच दुकानदार ३० दिवसांची उधारी पूर्ण वापरतात, कारण ती फुकट वाटते. ती फुकट नाही. बिल १,६०,००० रुपयांचं आहे. सातव्या दिवशी दिले तर ३,२०० रुपये वाचतात. त्यासाठी १,५६,८०० रुपये कर्जखात्यातून २३ दिवस आधी काढले, तर १२ टक्क्यांनी व्याज पडतं जेमतेम १,१९० रुपये. म्हणजे कर्ज काढून रोख देणंही दोन हजारांनी स्वस्त. उलट बाजूने पाहिलं तर २३ दिवसांच्या सवलतीसाठी दोन टक्के सोडणं म्हणजे वर्षाला ३२ टक्क्यांहून जास्त दराने पैसे उसने घेणं. सावकारही इतकं मागताना जरा चाचरेल. सूट घेऊन आणि व्याज धरून व्यापाऱ्याची वही पडते सुमारे ३१ रुपये ६० पैशांना.

अडीच रुपयांचा फरक आला ५४ पैशांवर, साडेबारा हजारांचे झाले २,७००. एवढ्यासाठी अनोळखी कारखान्याला दीड लाख आगाऊ द्यायचे आणि वाटेत गठ्ठे भिजले तर निस्तरायचं, हे मला पटत नाही. व्यापारी न फुटलेले गठ्ठे परत घेत असेल, तर नाहीच. ओळखीचा, दोन हंगाम जोखलेला कारखाना असेल तर गोष्ट वेगळी.

उधारीचे दिवस कुठून मोजतात, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. बिल ३ तारखेचं आणि ट्रान्सपोर्टचा माल ११ला पोचला, तर ३० दिवसांचे २२ झाले, आणि सात दिवसांची सूट माल हातात येण्याआधीच गेली. म्हणून सूटही पोच तारखेपासून मिळावी, हे लेखी घ्यावं. उशिराच्या व्याजाची अट बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते, तीही वाचावी. स्कीमचंही तसंच. ‘दहावर एक मोफत’ म्हणजे दहा टक्के सूट नव्हे. अकरा नगांत एक, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास.

वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, त्यामुळे वह्यांपुरता कराचा प्रश्न सुटला. त्याच ऑर्डरीत पेनं घेतली, तर त्यांवर १८ टक्के आहेच, आणि कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तो परत मिळत नाही. त्याच्यासाठी करासहित दर हाच दर.

आगाऊ रक्कम पाठवायची वेळ आली की ईमेलमधल्या खाते क्रमांकावर विसंबू नये. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव दिसतं. बँक खातं त्याच नावाचं आहे का ते पाहावं आणि आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला, तर फोन होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. माल आल्यावर ट्रान्सपोर्टच्या पावतीवर सही करण्याआधी गठ्ठे मोजावेत आणि एक फोडून पानं मोजावीत. १७२ सांगून १६० पानी वही आली, तर ती तक्रार त्याच दिवशी, त्याच ईमेलच्या उत्तरात, फोटोसह जायला हवी.