३.२० एकर म्हणजे नेमकं किती?

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागतं. समजा, इथल्या शेतकरी गटाची यादी संगणकावर आहे आणि जमिनीचा रकाना सगळ्यांसाठी एकाच मापात, म्हणजे हेक्टरमध्ये करून हवा आहे. काम फ्रीलान्सरला द्यायचं. “रकाना स्वच्छ करून द्या” एवढाच निरोप पाठवला, तर एखाद्याची जमीन कागदावर वाढेल, एखाद्याची घटेल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

कारण यादीत “3.20 एकर” असं लिहिलेलं असतं. गावात त्याचा अर्थ तीन एकर वीस गुंठे. एकरात ४० गुंठे, म्हणजे ही जमीन साडेतीन एकर, १४० गुंठे. स्क्रिप्टला मात्र तो दशांश वाटतो: ३.२ एकर, १२८ गुंठे. एका टिंबात बारा गुंठे गेले! त्यात रकान्यात नुसतं “3.20” लिहिलं, तर एक्सेल शेवटचं शून्य गाळतं आणि “3.2” दाखवतं. आता तेच कुणी गुंठ्यांत वाचलं, तर तीन एकर दोन गुंठेच उरतात.

हेक्टरातही तोच सापळा आहे. हेक्टरात १०० आर असल्याने “१ हे ५ आर” म्हणजे १.०५. दोन आकडे नुसते टिंबाने जोडले की १.५ होतात आणि ४५ आर जमीन फुकट मिळते.

म्हणून निरोपात नियमांइतकेच नमुने लागतात. मी असा लिहीन:

“रकाना मजकूर म्हणून वाचा, संख्या म्हणून नको (`dtype=str`). देवनागरी आणि इंग्रजी अंक दोन्ही चालावेत. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर धरा. मूळ रकाना तसाच ठेवून उत्तर शेजारी नव्या रकान्यात द्या, दोन दशांशांपर्यंत. खात्री नसेल तिथे अंदाज न करता ‘तपासा’ लिहा.”

```
आलेलं             हवं (हेक्टर)
१ हे ५ आर         1.05
3 एकर 20 गुंठे     1.42
3.20 एकर         तपासा
3.45 एकर         1.40
3.20             तपासा
```

चौथी ओळ मला फार आवडते. गुंठे ३९ च्या पुढे गेले की एकरच वाढतो, त्यामुळे टिंबापुढचे ४५ हे गुंठे असूच शकत नाहीत. तो दशांशच. आकडा स्वतःच आपली ओळख सांगतो! ३.२० मात्र दोन्ही अर्थांनी खरा वाटतो, म्हणून तिथे माणसानेच सातबारा उघडून बघायचा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंका उरत नाही.

काम हाती आलं की आधी पाठवलेल्या आणि परत मिळालेल्या ओळी मोजा. मग या पाच नमुन्यांची उत्तरं ताडून पाहा. एकही चुकलं, तर फाइल परत पाठवा.