तीन एमबीचा पडदा, दीडशे केबीचा पडदा

समजा, ऑनलाइन तासांचे एक वर्ष संपले आणि एका शिक्षिकेच्या लॅपटॉपवर स्क्रीनशॉटचे फोल्डर तेवढे उरले. ४०० चित्रे, सगळी पीएनजी, सगळी १९२० गुणिले १०८० पिक्सेलची. डिस्क भरत आली म्हणून बाईंनी फाइली आकारानुसार लावून पाहिल्या, तर एक गंमत दिसली. गुणपत्रकाच्या एक्सेल पडद्याची फाइल जेमतेम १५० केबीची आणि जंगलावरच्या माहितीपटातले एक दृश्य मात्र ३ एमबीचे. पडदा तोच, पिक्सेलही तेवढेच.

या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाचा लाल, हिरवा, निळा असा तीन बाइटांचा हिशेब धरला, तर कच्चे चित्र ६२ लाख बाइटांच्या थोडे वर जाते. १९९६ साली आलेले पीएनजी यातले काहीही टाकून देत नाही. शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा, अंदाजात जेवढी चूक झाली तेवढीच लिहायची आणि पुन्हा पुन्हा येणारे आकडे थोडक्यात मांडायचे, अशी त्याची रीत. गुणपत्रकाची पांढरी ओळ असली की अंदाज प्रत्येक वेळी बरोबर येतो आणि लिहायला जवळजवळ काही उरत नाही. झाडाच्या पानांपुढे मात्र हा अंदाज सतत फसतो.

म्हणजे पीएनजी फाइलचा आकार हीच त्या चित्राची परीक्षा आहे, आणि तिचा निकाल बाईंच्या हातात आयता पडलेला आहे. फाइल जड असेल, तर चित्र छायाचित्रासारखे. हलकी असेल, तर ते अक्षरे, रेघा आणि सपाट रंगांचे. घाऊक रूपांतर करणारे बहुतेक जण हा निकाल न बघताच अख्खे फोल्डर जेपेगच्या गिरणीत घालतात आणि ‘क्वालिटी ८०’ असा आकडा देऊन मोकळे होतात. खरी चूक तिथे होते.

हा आकडा टक्केवारी नव्हे. ८० म्हणजे ‘८० टक्के चित्र शिल्लक’ असे अजिबात नाही. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा ६४ आकड्यांत मांडते. पहिला आकडा तुकड्याची सरासरी सांगतो, पुढचे आकडे अधिकाधिक बारीक चढउतार. मग या प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या भाजकाने भागून उत्तर पूर्णांकात आणले जाते. जे हरवते ते इथेच, या पूर्णांक करण्यात. भाजक मोठा असेल तर लहान आकड्याचे थेट शून्य होते, आणि शून्ये साठवायला जागा फारशी लागत नाही.

क्वालिटीचा आकडा हे भाजक लहानमोठे करतो. अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात असलेल्या ‘लिबजेपेग’ या संचात ५० ला मूळ तक्ता जसाच्या तसा वापरतात. त्यात उजेडाच्या सरासरीचा भाजक १६ आहे आणि सर्वांत बारीक तपशिलाचा ९९. क्वालिटी ७५ केली की हे भाजक निम्मे होतात, म्हणजे ९९ चा ५० होतो. ८५ ला तो ३० वर येतो, ९० ला २० वर आणि ९५ ला १० वर. ८५ आणि ९५ यांत अंतर दहाचेच दिसते, पण भाजक तिपटीने उतरलेला असतो आणि फाइल त्या मानाने फुगते. १०० ला सगळे भाजक १ होतात, तरीही पूर्णांक करणे चुकत नाही. त्यामुळे जेपेगचे १०० म्हणजेही मूळ चित्र नव्हे. ९५ च्या वर नेहमीच्या कामासाठी जाऊ नये, फाइल अतोनात वाढते आणि डोळ्याला फरक जवळपास दिसत नाही, असे या संचाच्या माहितीपत्रकातच सांगितले आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममधले किंवा वेबपीमधले ८० हे या ८० च्या नात्यातले नसते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

जंगलाच्या दृश्यात ही काटछाट खपून जाते, कारण तिथले बारीक चढउतार मुळातच क्षीण असतात आणि जे असतात ते पानांच्या गर्दीत मिसळतात. अक्षरांचे तसे नाही. पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे एका पिक्सेलच्या अंतरात उजेडाची टोकाची उडी, आणि ती उभी करायला चौसष्टातले बरेच आकडे एकत्र राबत असतात. त्यातल्या काहींना कात्री लागली की उरलेल्यांचा तोल जातो आणि अक्षराभोवतीच्या कोऱ्या पांढऱ्यात करडी कुसळे उगवतात. देवनागरीत हे लवकर जाणवते. शिरोरेषेच्या वर धुरकट पट्टा येतो, आणि अनुस्वार तर लहान अक्षरात दोन-तीन पिक्सेलचाच. त्या धुरात तो हरवला की ‘मंद’चा ‘मद’ व्हायला वेळ लागत नाही.

रंगीत अक्षरांवर आणखी एक घाव बसतो. जागा वाचवण्यासाठी जेपेग बहुधा रंगाची माहिती चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकदाच ठेवते. उजेडाची मात्र प्रत्येक पिक्सेलला. डोळा रंगाच्या बाबतीत ढिसाळ असतो, म्हणून छायाचित्रात हे कळत नाही. नापास विद्यार्थ्यांचे गुण लाल आकड्यांत लिहिलेले असले, तर त्यांच्या कडा मात्र फिकट आणि विटलेल्या दिसतात. इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम ९० पासून पुढे ही रंगकपात आपोआप थांबवतो. त्याच्या खालच्या आकड्यांना ती थांबवायला स्वतंत्र सांगावे लागते.

तेव्हा बाईंनी करायचे ते असे. पडद्याचा आकार सगळीकडे एकच असल्याने वजनाची एक सीमारेषा पुरते. इथे ती साधारण एक एमबी धरू. तिच्या वरच्या फाइलीच तेवढ्या जेपेगकडे पाठवायच्या:

```
mkdir -p jpg
find . -maxdepth 1 -name '*.png' -size +1000k \
  -exec magick mogrify -path jpg -format jpg \
  -background white -alpha remove -alpha off \
  -sampling-factor 4:4:4 -quality 85 {} +
```

यात `4:4:4` म्हणजे रंगाला कात्री लावू नकोस. `-alpha` असलेली ओळ पारदर्शक भागासाठी आहे. जेपेगला पारदर्शकता ठाऊकच नाही, त्यामुळे ही ओळ विसरली तर खिडकीभोवतीची पारदर्शक सावली अनेकदा काळीकुट्ट होऊन बसते. `-path` मात्र कधीच विसरू नये. नवी चित्रे वेगळ्या फोल्डरात जातात ती त्यामुळेच. `mogrify` हा मुळात फाइल जागच्या जागी बदलणारा गडी आहे. `-path` आणि `-format` दोन्ही राहिले, तर तो मूळ फाइलीवरच नवी लिहून मोकळा होतो.

८५ हा आकडा तरी कुठून आला? तो ठरवायचा फोल्डरातल्या सरासरी चित्रावरून नव्हे, सर्वांत नाठाळ चित्रावरून. जड गटातून पाचएक अडचणीची चित्रे निवडावीत: दृश्याखाली बारीक उपशीर्षके असलेले, अंधारातून उजेडाकडे हळूहळू जाणाऱ्या आभाळाचे, लाल फलकाचे, चेहऱ्याचे. ती ७५, ८५ आणि ९२ अशी तीनदा काढावीत आणि मूळ चित्राशेजारी दुप्पट मोठी करून पाहावीत. नजर तीन ठिकाणी न्यायची. उपशीर्षकांच्या कडेला कुसळे आहेत का, आभाळात पायऱ्या पडल्या आहेत का, आणि सपाट भागात आठ-आठ पिक्सेलच्या चौकटी उमटल्या आहेत का? ७५ ला उपशीर्षके धुरकटली आणि ८५ ला स्वच्छ राहिली, तर काम झाले. ९२ ची ऐट कशाला? पण आभाळात ८५ लाही पायऱ्या दिसत असतील, तर त्या गटापुरते वर चढावे. साध्या आकाराला चित्र बघून ‘ठीकच आहे की’ म्हणणे धोक्याचे, कारण पुढे हेच चित्र प्रोजेक्टरवर भिंतीएवढे होणार असते.

आता राहिली हलकी मंडळी: गुणपत्रके, वेळापत्रके, प्रश्नपत्रिका. यांना जेपेग करण्यात दुहेरी तोटा आहे. अक्षरे खराब होतात आणि बऱ्याचदा नवी फाइल जुनीपेक्षा मोठीही निघते, कारण पीएनजी जी कोरी जागा फुकटात लिहीत होते तिथे आता कुसळेही साठवावी लागतात. यांच्यासाठी वेगळी गाळणी आहे, `pngquant`. ती फाइल पीएनजीच ठेवते, पण रंग जास्तीत जास्त २५६ वर आणते. अक्षरांच्या पडद्याला तेवढे रंग सहसा पुरून उरतात, आणि काळी रेघ जिथे होती तिथेच तशीच ठसठशीत राहते.

```
find . -maxdepth 1 -name '*.png' ! -size +1000k \
  -exec pngquant --quality=70-90 --skip-if-larger {} +
```

इथे क्वालिटीचे दोन आकडे आहेत, आणि ही सोय जेपेगमध्ये असती तर किती बरे झाले असते! ९० पर्यंतचा दर्जा गाठायला लागतील तेवढेच रंग ती वापरते. आणि सगळे रंग वापरूनही दर्जा ७० च्या खाली जात असेल, तर ती फाइल काढतच नाही. म्हणजे चुकून या गटात शिरलेले छायाचित्र आपोआप बाजूला राहते. नवी फाइल मूळ फाइलशेजारी, नावामागे `-fs8` लावून येते. जिला अशी जोडी मिळाली नाही ती एकतर आधीच पुरेशी लहान होती, नाहीतर तिच्यात एखादा फोटो दडलेला आहे. अशा फाइली डोळ्यांनी बघायच्या. स्लाइडच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यातला चेहरा असलेले पडदे इथेच अडकतात, आणि त्यांना जेपेग ९२ किंवा जशीच्या तशी मूळ फाइल, यांतले एक द्यावे.

वेबपीचे नाव या वेळेपर्यंत कुणीतरी काढतेच. २०१० साली गूगलने आणलेला हा प्रकार छायाचित्रांना जेपेगपेक्षा बहुधा लहान करतो, आणि त्याचा काहीही न गाळणारा अवतार पीएनजीपेक्षा अनेकदा हलका भरतो. पण त्याच्या गाळणाऱ्या अवतारात रंगकपात सक्तीची आहे. तिथे `4:4:4` म्हणायची सोयच नाही. शिवाय त्याचे चित्र कोणत्याही बाजूने १६,३८३ पिक्सेलपेक्षा मोठे चालत नाही. पालकांच्या गटातली लांबलचक चर्चा मोबाइलवर सरकवत एकाच उभ्या स्क्रीनशॉटमध्ये घेतली असेल, तर ती ही मर्यादा सहज ओलांडते आणि रूपांतर चूक दाखवून थांबते. जेपेगची मर्यादा ६५,५३५ आहे.

मूळ पीएनजी पुसण्याआधी शेवटचे एक काम उरते. विंडोजमध्ये विंडोज आणि प्रिंटस्क्रीन ही बटणे एकत्र दाबून घेतलेल्या चित्रांची नावे `Screenshot (12).png` अशी असतात. कोणत्या दिवसाचा तास, हे त्या नावात कुठेच नसते, फक्त फाइलच्या तारखेत असते. रूपांतर झालेल्या सगळ्या जेपेगवर मात्र आजचीच तारीख पडलेली असते. मूळ फाइली जागेवर आहेत तोवर त्यांची तारीख नव्यांवर उतरवता येते:

```
for f in jpg/*.jpg; do
  touch -r "$(basename "$f" .jpg).png" "$f"
done
```

त्यानंतर जेपेगचे फोल्डर तारखेनुसार लावले की जूनचे तास जूनमध्ये आणि मार्चचे मार्चमध्ये दिसतात.