डावीकडून धन, उजवीकडून ऋण

समजा, ४० मीटर तार आहे आणि तिचं आयताकृती कुंपण घालून भाजीचा वाफा करायचा आहे. लांबी आणि रुंदी मिळून २० मीटर होणार. रुंदी ९ ठेवली तर लांबी ११, क्षेत्रफळ ९९ चौरस मीटर. रुंदी ११ ठेवली तरी ९९. दोन्ही १० ठेवल्या की १००, आणि त्याहून जास्त काही मिळत नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या तुलूज शहरात न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा यांनी हाच प्रश्न रेघेच्या रूपात मांडला होता: एक रेघ कुठे तोडली म्हणजे दोन तुकड्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येईल? मोठ्यात मोठ्या किंमतीपाशी थोडं सरकलं तरी किंमत जवळजवळ बदलत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत तेच नेमकेपणाने सांगतो: फलनाची किंमत आसपासच्या सगळ्या किंमतींपेक्षा मोठी किंवा त्यांच्याइतकी असेल, तो बिंदू टोकाचा नसेल आणि तिथे विकलज अस्तित्वात असेल, तर ते शून्यच असतं. लहानात लहान किंमतीलाही हाच नियम लागू होतो.

विकलज म्हणजे बदलाचा दर. तो काढायचा कसा, तर बिंदूपासून h इतकं सरकायचं, किंमत कितीने बदलली ते पाहायचं आणि त्या बदलाला h ने भागायचं. मग h शून्याकडे नेत भागाकार कुठे टेकतो ते बघायचं.

वाफ्यावर हे करून पाहू. रुंदी १०+h केली की लांबी १०−h, क्षेत्रफळ १००−h². बदल झाला −h². त्याला h ने भागलं की −h. रुंदी १ मीटरने वाढवली तर भागाकार −१, १० सेंटिमीटरने वाढवली तर −०.१. रुंदी कमी करताना h स्वतःच ऋण, म्हणून भागाकार +१, मग +०.१. एका बाजूने धन संख्या खाली उतरतात, दुसऱ्या बाजूने ऋण संख्या वर चढतात, आणि दोघींची गाठ शून्यापाशी पडते.

आता वाफा सोडून कुठलंही फलन f घ्या आणि त्याचा शिखरबिंदू c. शिखर आहे म्हणूनच f(c+h) − f(c) हा फरक, h पुरेसा लहान असेल तर, कधीच धन नसतो, मग h कुठल्याही बाजूचा असो. सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे. अंशाचं चिन्ह दोन्हीकडे तेच राहतं. बदलतं ते छेदाचं. उजवीकडे h धन, म्हणून भागाकार शून्य किंवा ऋण. डावीकडे h ऋण, म्हणून भागाकार शून्य किंवा धन. विकलज अस्तित्वात आहे याचा अर्थच असा की दोन्हीकडचे भागाकार एकाच संख्येकडे जातात. उजवी बाजू सांगते, ती संख्या शून्याहून मोठी नाही. डावी सांगते, ती शून्याहून लहान नाही. मग शून्याशिवाय उरतं काय?

इथे एक चूक फार वेळा होते. उजवीकडचा प्रत्येक भागाकार ऋण आहे, मग त्यांची सीमाही ऋणच असणार, असं विद्यार्थी लिहून जातात. तसं खरंच असतं, तर डावीकडची सीमा धन निघाली असती आणि कुठल्याच टोकदार नसलेल्या शिखराला विकलज उरलं नसतं! वाफ्याचंच पाहा: −०.१, −०.०१, −०.००१ या सगळ्या ऋण संख्या आहेत, पण त्यांची सीमा शून्य. सीमा घेताना ‘शून्याहून लहान’ टिकत नाही, ‘शून्याहून मोठी नाही’ एवढंच टिकतं. म्हणून सिद्धतेत ≤ हे चिन्ह सुरुवातीपासूनच लिहावं.

अटी का घातल्या आहेत, तेही या दोन बाजूंवरून कळतं. जागा अरुंद आहे आणि रुंदी ८ मीटरच्या पुढे नेताच येत नाही असं धरा. आता सर्वांत मोठं क्षेत्रफळ ८ गुणिले १२, म्हणजे ९६, अगदी टोकाला मिळतं. तिथे बदलाचा दर ४ आहे, शून्य नाही. डावी बाजू आपलं म्हणणं मांडतेच, पण तिला अडवायला उजवी बाजूच नाही. दुसरी अट विकलज असण्याची. |x| चा आलेख शून्यापाशी V सारखा टोकदार. तिथे किंमत सर्वांत लहान आहे, उजवीकडचे सगळे भागाकार १ आणि डावीकडचे सगळे −१. चिन्हं अपेक्षेप्रमाणे विरुद्ध आहेत, पण दोन्ही बाजू एकत्र येतच नाहीत, त्यामुळे विकलज नाही.

नियम उलटा मात्र वाचू नये. x³ या फलनाचा शून्यापाशी भागाकार h² येतो. सीमा शून्य, पण h² दोन्ही बाजूंना धनच असतो. चिन्ह पालटतच नाही. फलन आधी चढत होतं, क्षणभर सपाट झालं आणि पुन्हा चढत राहिलं. म्हणून विकलज शून्य आलं की तिथे शिखर आहे असं लगेच म्हणू नये; दोन्ही बाजूंना थोडं सरकून किंमती तपासाव्यात.